डब्यातले चार बल्ब

इचलकरंजीत माझ्या मावशीचं घर आहे. घर जुनं, आणि सोप्याची एक भिंत शेजारच्या यंत्रमागांच्या शेडला लागून. माग सुरू असले की भिंतीवर हात ठेवल्यावर तळव्याला बारीक कंप जाणवतो. घरातल्यांना त्याची इतकी सवय झाली आहे की माग थांबले तरच त्यांच्या लक्षात येतं.

गेल्या पावसाळ्यात मी गेलो तेव्हा सोप्यातला बल्ब लुकलुकत होता. मध्येच विझायचा, लगेच पेटायचा, मग पाच-दहा मिनिटं नीट जळायचा. मावशी म्हणाली, “हा तिसरा. दिवाळीपासून तिसरा बल्ब आहे हा. दर वेळी वेगळ्या कंपनीचा आणला. सगळे सारखेच.” मग तिनं फडताळातून एक पत्र्याचा डबा काढला. तिला बंद पडलेली वस्तू लगेच टाकवत नाही. डब्यात तीन मेलेले एलईडी बल्ब होते: दोन सोप्यातले, एक न्हाणीघरातला. तिन्ही नऊ वॅटचे. चौथा अजून होल्डरमध्ये लुकलुकत होता.

या चार बल्बांची गोष्ट सांगायची ती एवढ्यासाठी, की एलईडी लवकर गेला की आपण एक साधी परीक्षा करतो आणि ती बहुतेक वेळा चुकीचं उत्तर देते. नवा बल्ब लावायचा; तो पेटला, स्थिर राहिला, म्हणजे जुना बल्ब खराब होता. मावशीनंही दर वेळी हेच केलं होतं. नवा बल्ब दर वेळी नीट पेटला होता आणि दर वेळी चार महिन्यांत गेला होता.

बल्बाच्या मानेत काय असतं

एलईडी बल्बाला आपण बल्ब म्हणतो, पण जुन्या पिवळ्या बल्बाशी त्याचं नातं फक्त आकाराचं आणि टोपीचं. जुन्या बल्बात टंगस्टनची एक तार होती, तीत वीज गेली की ती तापून उजळायची. एलईडीला घरातली २३० व्होल्टची वीज तशीच्या तशी चालत नाही. ही वीज सेकंदाला पन्नास वेळा दिशा उलटसुलट करत वाहते. एलईडीला एकाच दिशेनं, ठरावीक मापाचा प्रवाह लागतो. हे काम करणारी छोटी पाटी बल्बाच्या मानेत, पितळी किंवा अॅल्युमिनियमच्या टोपीच्या वर दडवलेली असते. तिलाच ड्रायव्हर म्हणतात.

ड्रायव्हरमध्ये वीज शिरते ती एका छोट्या रेझिस्टरमधून. तो फ्यूजचंही काम करतो. पुढे चार डायोड विजेची दिशा एक करतात. पण अशी एकदिश केलेली वीजही सेकंदाला शंभर वेळा शून्यावर उतरते आणि पुन्हा चढते. त्या खळग्यांमध्ये प्रकाश पडू नये म्हणून नळकांड्याच्या आकाराचा एक कपॅसिटर असतो. गावाला पाणी सुटतं तासभर, पण घरातली टाकी दिवसभर नळ चालू ठेवते, तसा तो चढाच्या वेळी भरतो आणि उताराच्या वेळी देतो. शेवटी एक आयसी एलईडींना जाणारा प्रवाह मापात ठेवतो. काही स्वस्त बल्बांत ही वेगळी पाटी नसतेच. आयसी आणि डायोड थेट एलईडींच्याच थाळीवर बसवलेले असतात आणि कपॅसिटर अगदी लहान असतो किंवा वगळलेला असतो.

खोक्यावर बल्बाचं आयुष्य २५,००० तास लिहिलेलं असतं. रोज सहा तास धरले तर ती अकरा वर्षांहून अधिक होतात. मावशीचे बल्ब चार महिन्यांत, म्हणजे साधारण सातशे तासांत गेले होते. एलईडीच्या पिवळ्या चौकोनी चिपा जर वर्षानुवर्षं टिकतात, तर बल्ब मरतो कशानं? दोन कारणं सगळ्यांत जास्त दिसतात. एक, ड्रायव्हर आतून संपतो. दोन, बल्ब आणि होल्डर यांचा संपर्क ढिला असतो आणि तो ढिलेपणा बल्बाला छळून संपवतो. दुसऱ्या कारणात मरतो बल्बच, म्हणून दोष त्याच्याच नावावर लागतो.

होल्डरच्या दोन पिना

आपल्याकडच्या बहुतेक घरांत दाबून फिरवायचा होल्डर असतो. त्याच्या आत दोन पितळी पिना असतात आणि प्रत्येकीमागे एक स्प्रिंग. बल्बाच्या बुडाशी रांग्याचे दोन ठिपके असतात. बल्ब दाबून फिरवला की त्याच्या कडेचे दोन खिळे खाचेत अडकतात आणि स्प्रिंग पितळी पिनांना त्या ठिपक्यांवर दाबून धरते. सगळी वीज या दोन टेकलेल्या टोकांमधून जाते. तिथे स्क्रू नाही, सोल्डर नाही. आहे तो फक्त स्प्रिंगचा दाब.

मावशीच्या सोप्यातला होल्डर काळ्या बॅकेलाइटचा, घर बांधलं तेव्हाचा. त्यानं कितीतरी वर्षं शंभर वॅटचे पिवळे बल्ब पेलले होते. त्या बल्बांची जवळजवळ सगळी वीज उष्णतेत जायची आणि त्यातली बरीच टोपीवाटे होल्डरला भाजायची. तापून-निवून स्प्रिंगचं पाणी उतरतं, ती पूर्वीसारखी उसळत नाही. पितळेवर काळपट थर चढतो.

मग हा होल्डर पूर्वी तक्रार का करत नव्हता? कारण जुन्या बल्बाची तार पांढरीफटक तापलेली असायची. संपर्क क्षणभर सुटून परत जुळला, तर तेवढ्यात ती निवत नसे. प्रकाश थोडा दबल्यासारखा व्हायचा, डोळ्याला फारसं कळायचं नाही. एलईडीला अशी ऊब नसते. कपॅसिटरमधला साठा संपला की तो तात्काळ विझतो. ५ जानेवारी २०१५ ला उजाला योजना सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत देशभर ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब घरोघरी गेले. बल्ब नवे आले, होल्डर मात्र बहुतेक ठिकाणी तेच राहिले. कित्येक होल्डरांमधला ढिलेपणा तोवर झाकलेलाच होता, तो एलईडीनं उघडा केला.

लुकलुकण्याचा ताल ओळखा

मावशीच्या गल्लीत एक जुने वायरमन आहेत. सगळे त्यांना बापू म्हणतात. त्यांना बोलावलं तर त्यांनी आल्या आल्या शिडी मागितली नाही. खुर्ची ओढून बल्बाखाली बसले आणि नुसते बघत राहिले. “आधी त्याचा ताल बघायचा,” ते म्हणाले. “घाई करून हात घातला की ताल मोडतो, मग कळत नाही.”

हा ताल खरोखरच बरंच काही सांगतो. संपर्क ढिला असेल तर लुकलुकण्याला नियम नसतो. दोनदा भरभर, मग बराच वेळ काहीच नाही, मग एकदम अंधार. दार आपटलं, वरच्या मजल्यावर कुणी चाललं, रस्त्यावरून ट्रक गेला की ते वाढतं. जवळ कान दिला तर होल्डरमधून बारीक तडतड ऐकू येते. ती ठिणगीची असते.

ड्रायव्हरचा किंवा चिपांचा दोष बहुधा नियमानं दिसतो. बल्ब घड्याळासारखा पेट-विझ, पेट-विझ करत असेल, तर आतला आयसी सुरू होण्याचा प्रयत्न करतोय, त्याला काहीतरी बिघडलेलं जाणवतंय, तो स्वतःला बंद करतोय आणि परत प्रयत्न करतोय. माळेतली एक चिप तुटली असली की असं होतं, कारण चिपा एकापुढे एक जोडलेल्या असतात आणि एक तुटली की सगळ्यांचा प्रवाह थांबतो. कधी बल्ब दहा मिनिटं छान जळतो, मग विझतो, थोड्या वेळानं आपोआप पेटतो. हा उष्णतेचा खेळ असतो. तापल्यावर आतला एखादा सांधा प्रसरण पावून सुटतो, निवल्यावर पुन्हा टेकतो. कपॅसिटर थकला असेल तर बल्ब विझत नाही, पण उजेड थरथरल्यासारखा वाटतो. मोबाइलचा कॅमेरा त्या बल्बाकडे धरला तर पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसतात. मात्र स्वस्त बल्बांत कपॅसिटर मुळातच लहान असतो, त्यामुळे त्याच जातीच्या नव्या बल्बातही पट्टे दिसू शकतात. पट्टे आधी नव्हते आणि आता आले, तरच तो दोष समजावा.

दोन लक्षणं अशी आहेत की त्यांत बल्ब आणि होल्डर दोघेही निर्दोष असतात. बटण बंद असतानाही बल्ब मंद तेवतो किंवा काही सेकंदांनी एकदा चमकतो, तर त्याचं कारण बटणातला छोटा लाल दिवा असू शकतो, किंवा बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेलं असू शकतं. एलईडीला चमकायला इतकी कमी वीज पुरते की वायरीतून झिरपणारी वीजही त्याला जागं ठेवते. दुसरं लक्षण गंभीर आहे. घरातले सगळे दिवे एकदम खालीवर होत असतील, आणि विशेषतः काही दिवे मंद होताना दुसरे जास्त उजळत असतील, तर न्यूट्रल कुठेतरी ढिला झाल्याची शक्यता आहे. तेव्हा बल्बाकडे बघत बसू नये. मेन स्विच बंद करून वीज कंपनीला किंवा वायरमनला लगेच बोलवावं, कारण अशा वेळी काही उपकरणांवर ठरल्यापेक्षा खूप जास्त व्होल्टेज जातं.

बापूंनी हे सगळं क्रमानं तपासलं. स्वयंपाकघरातला दिवा आणि माजघरातली ट्यूब स्थिर होती, म्हणजे बाहेरून येणारी वीज ठीक. सोप्यातला बल्ब मात्र बेताल लुकलुकत होता. मग जेवणाच्या सुट्टीत शेजारचे माग थांबले आणि बल्ब स्थिर झाला. मावशी म्हणाली, “बघा, मागांच्या मोटारी वीज ओढतात म्हणूनच होतंय हे.” बापूंनी मान हलवली. “काकू, तसं असतं तर तुमचे सगळेच दिवे हलले असते. हा एकटाच हलतोय. माग वीज ओढत नाहीयेत, भिंत हलवतायत.”

हात लावण्याआधी

यानंतर बापूंनी लाटणं मागून घेतलं, आणि त्याच्या लाकडी टोकानं पेटलेल्या बल्बाला एका बाजूनं हलकं टेकवलं. बल्ब विझला. लाटणं काढलं, पेटला. माग बंद असतानाही हे झालं. एवढ्यानं संपर्काचा दोष जवळजवळ पक्का झाला. कोरडं लाकूड असेल तर ही चाचणी घरीही करता येते. ओला हात किंवा धातूची वस्तू मात्र कधीही नको.

पुढची तपासणी वीज बंद करूनच करायची. इथे एक धोका बऱ्याच जणांना माहीत नसतो. बटण बंद केलं म्हणजे होल्डरमध्ये वीज नाही, असं धरून चालत नाही. जुन्या घरांत कधी बटण न्यूट्रलच्या तारेवर बसवलेलं असतं. तेव्हा बटण बंद करूनही होल्डरच्या एका पिनेवर फेज जिवंत असतो. म्हणून त्या सर्किटची एमसीबी किंवा मेन स्विच खाली करावा आणि मगच बल्ब काढावा. काढल्यावर दोन्ही पिनांना टेस्टर लावून बघावा. टेस्टरही आधी एखाद्या चालू सॉकेटवर पेटतो की नाही हे पाहून घ्यावं.

बापूंनी बल्ब काढताना बोटांनीच दोष ओळखला. चांगल्या होल्डरमध्ये बल्ब बसवताना तो आत दाबावा लागतो, स्प्रिंग विरोध करते, आणि फिरवल्यावर बल्ब खाचेत घट्ट मागे सरकतो. इथे बल्ब न दाबताच फिरला. बसल्यावरही तो वरखाली हलत होता. नंतर त्यांनी काडीपेटीच्या काडीनं एकेक पीन दाबून पाहिली. उजवी पीन दाबली की टुणकन वर आली. डावी दाबली ती आतच राहिली, मग सावकाश अर्धी वर आली. तिचं टोक काळं पडलं होतं, आणि तिच्याभोवतीचं बॅकेलाइट तपकिरी झालं होतं.

बल्बाच्या बुडावर त्याचीच दुसरी बाजू दिसत होती. उजवा ठिपका गुळगुळीत, चकचकीत. डाव्यावर काळे खड्डे, एका कडेला रांगं वितळून ओघळ आलेला. ठिणगीची सही अशी असते.

बल्बाला होल्डर कसा मारतो

आता डबा उघडला. सोप्यातल्या दोन्ही मेलेल्या बल्बांचा एकेक ठिपका तसाच खड्ड्यांनी भरलेला. हे दोन्ही बल्ब बापूंनी माजघरातल्या चांगल्या होल्डरमध्ये लावून पाहिले. एक पेटलाच नाही. दुसरा घड्याळासारखा पेट-विझ करत राहिला. म्हणजे नेहमीच्या परीक्षेनुसार दोन्ही बल्ब खराब, आणि होल्डर सुटला. खरं तर ड्रायव्हर खराब झाले होतेच, पण ते होल्डरनं केले होते.

हे कसं घडतं ते समजून घेणं सोपं आहे. बटण दाबलं त्या क्षणी ड्रायव्हरमधला कपॅसिटर रिकामा असतो. रिकाम्या टाकीचा नळ पूर्ण उघडावा तसा तो वीज आत ओढतो. नऊ वॅटचा बल्ब एरवी एक दशांश अँपियरहूनही कमी प्रवाह घेतो. पण समजा आतला रेझिस्टर दहा ओहमचा आहे आणि वीज नेमकी तिच्या शिखरावर, सुमारे ३२५ व्होल्टवर असताना जोडली गेली, तर त्या क्षणी तीस अँपियरच्या वर झटका बसतो. तो सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाइतकाही टिकत नाही, म्हणून एमसीबीला कळत नाही. रेझिस्टर आणि डायोड असे झटके सोसायलाच निवडलेले असतात. बटण संध्याकाळी एकदा-दोनदा दाबलं जातं, तेवढे ते वर्षानुवर्षं सोसतात. ढिल्या पिनेवर मात्र हीच जोडणी एका संध्याकाळी शेकडो वेळा तुटते आणि जुळते. शेवटी कधी रेझिस्टर जळतो, कधी एखादा डायोड किंवा आयसी जातो.

त्यात ठिणगीची भर पडते. प्रत्येक ठिणगी ठिपक्यावरचं थोडं रांगं उडवते आणि पिनेवर काळा थर वाढवते. थर वाढला की संपर्क आणखी बिघडतो आणि ठिणगी आणखी वाढते. नवा बल्ब लावला की त्याचा ठिपका ताजा, गुळगुळीत असतो, म्हणून काही आठवडे सगळं सुरळीत वाटतं. मावशीच्या प्रत्येक नव्या बल्बाला हेच आठवडे मिळाले होते. त्यामुळेच होल्डरवर कुणाला शंका आली नाही.

न्हाणीघरातला बल्ब

डब्यातला तिसरा बल्ब न्हाणीघरातला. तो माजघरात लावला, पेटला नाही. पण त्याच्या बुडाचे दोन्ही ठिपके स्वच्छ होते. न्हाणीघरातला होल्डर तपासला, दोन्ही पिना घट्ट, वायरींचे स्क्रू कसलेले. इथे होल्डरला दोष देण्यासारखं काही नव्हतं.

बापूंनी तो बल्ब सोलला. वरची दुधी प्लास्टिकची टोपी काढून खालची पाटी बाहेर ओढली. कपॅसिटरचं डोकं सपाट असायला हवं, ते फुगलं होतं, आणि बुडाशी तपकिरी डाग होता. हा ड्रायव्हरचा स्वतःचा मृत्यू. त्याचं कारण न्हाणीघराच्या दिव्यावरच्या काचेच्या बंद गोळ्यात होतं. एलईडी जुन्या बल्बाच्या मानानं खूप कमी तापतो, पण त्याची उष्णता उजेडासारखी बाहेर पडत नाही. ती थाळीतून, मानेतून हवेत जावी लागते. बंद गोळ्यात हवा अडकते आणि तापत जाते. बल्ब टोपी वर करून लटकत असला तर वर चढणारी गरम हवा नेमकी मानेत, ड्रायव्हरपाशी साचते.

कपॅसिटरच्या आत ओलसर द्रव असतो आणि उष्णतेनं तो हळूहळू सुकतो. ढोबळ हिशेब असा, की दर दहा अंशांनी तापमान कमी झालं की त्याचं आयुष्य दुप्पट होतं. १०५ अंशांना २,००० तास टिकणारा कपॅसिटर ८५ अंशांना ८,००० तास आणि ६५ अंशांना ३२,००० तास टिकतो. म्हणजे तोच बल्ब उघड्या होल्डरमध्ये चौपट किंवा त्याहून जास्त जगू शकतो. न्हाणीघरात पाण्याचे शिंतोडे दिव्यापर्यंत जात नव्हते, म्हणून बापूंनी तो गोळा काढून खालून उघडी असलेली छत्री लावली. जिथे शिंतोडे जातात तिथे गोळा काढू नये. तिथे बंद दिव्यासाठी बनवलेला कमी वॅटचा बल्ब लावावा.

बल्ब सोलण्याबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. जळलेल्या चिपेवर काळा ठिपका दिसतो, आणि तिची दोन टोकं तारेनं जोडून बल्ब पुन्हा पेटवण्याचे प्रकार बरेच जण करतात. या बल्बांची थाळी बहुधा घरातल्या विजेपासून वेगळी केलेली नसते. टोपी काढलेला बल्ब पेटवला तर उघड्या चिपांवर माणसाला मारू शकेल इतकं व्होल्टेज असतं. वीज काढल्यावरही कपॅसिटर काही काळ भरलेला राहू शकतो. शिवाय एक चिप वगळली की उरलेल्या चिपा आणि आयसी यांच्यावरचा भार वाढतो आणि बल्ब थोड्याच दिवसांत परत जातो. दोष ओळखण्यासाठी बल्बाचं बूड आणि ताल पुरेसे आहेत. सोलायचं काम बापूंसारख्यांवर सोडावं.

अदलाबदल, पण दोन्ही बाजूंनी

घरच्या घरी दोष ओळखायचा तर अदलाबदलीची परीक्षा पूर्ण करावी लागते. संशयित बल्ब चांगल्या होल्डरमध्ये, आणि चांगला, थोडा वापरलेला बल्ब संशयित होल्डरमध्ये. दोन्ही किमान एक संध्याकाळ जळू द्यावेत, पाच मिनिटांत निकाल लावू नये, कारण तापल्यावर दिसणारा दोष पाच मिनिटांत दिसत नाही.

संशयित बल्ब दुसरीकडे नीट जळला आणि चांगला बल्ब इथे लुकलुकला, तर दोष होल्डरचा किंवा त्याच्या वायरींचा. होल्डर घट्ट असूनही असं होत असेल तर बटणाच्या मागचा स्क्रू ढिला असू शकतो. बटण हलकं हलवल्यावर दिवा लुकलुकतो का ते पाहावं. दोन्ही ठिकाणी दोन्ही बल्ब नीट जळले, तर बल्ब मुळात नीट बसला नव्हता. पिना तरीही तपासाव्यात.

संशयित बल्ब सगळीकडे बिघडलेला आणि चांगला बल्ब इथे स्थिर, हा निकाल फसवा. इथेच बहुतेक जण थांबतात आणि मावशीही इथेच थांबली होती. या वेळी मेलेल्या बल्बाचं बूड पाहायचं. ठिपके स्वच्छ असतील तर ड्रायव्हर आपल्या कारणानं गेला, म्हणून उष्णता कुठे साचते ते शोधायचं. ठिपक्यावर काळे खड्डे असतील तर होल्डर दोषी आहे, मग आज तिथे नवा बल्ब कितीही शांत जळत असला तरी.

नवा होल्डर, नवी जागा

पिनेवरचा थर हलका असेल आणि स्प्रिंग ताठ असेल तर वीज बंद करून बारीक पॉलिश पेपरनं पीन घासणं पुरतं. स्प्रिंग मेली असेल तर ती ओढून ताणण्यात अर्थ नाही. पाणी उतरलेली स्प्रिंग परत ताठ होत नाही. होल्डर बदलावा. आयएसआय खूण असलेला साधा होल्डरही एका बल्बापेक्षा महाग नसतो.

बापूंनी सोप्यातला होल्डर काढला तेव्हा एका वायरीचा स्क्रूही अर्धा ढिला होता. कंपानं स्क्रू हळूहळू सैल होतात. त्यांनी वायरींची काळी पडलेली टोकं कापली, नवी टोकं सोलून त्यांना पीळ दिला, स्क्रूखाली घट्ट केली आणि प्रत्येक वायर ओढून पाहिली. आणि होल्डर जुन्या जागी लावलाच नाही. मागांच्या शेडला लागलेली भिंत सोडून तो समोरच्या भिंतीवर नेला. “होल्डर नवा असला तरी रोज दहा-बारा तास हलला तर तोही ढिला होणार,” असं त्यांचं म्हणणं.

लुकलुकणारा चौथा बल्ब नव्या होल्डरमध्ये लावला. मावशीला वाटलं आता तो सुधारेल. तो बेताल लुकलुकायचा थांबला, पण अर्ध्या तासानं घड्याळासारखा पेट-विझ करू लागला. होल्डरनं त्याच्या ड्रायव्हरला घाव घालून ठेवला होता आणि होल्डर बदलून तो घाव भरणार नव्हता. बल्बाची हमी अजून शिल्लक होती, मावशीकडे बिल होतं, दुकानदारानं तो बदलून दिला.

नव्या बल्बाच्या मानेवर तिनं मार्करनं तारीख लिहिली आणि खाली लिहिलं, ‘सोपा’. न्हाणीघरातल्या बल्बावरही तारीख आणि जागा लिहिली. पुढे एखादा बल्ब गेला तर कंपनी कोणती होती यापेक्षा तो कुठे जळत होता आणि किती दिवस, हे तिला आधी कळेल. एकाच जागेवर वेगवेगळ्या कंपन्यांचे बल्ब जात असतील तर दोष जागेत आहे, ही गोष्ट तिला त्या चार बल्बांनी शिकवली.

दिवाळीला मी परत गेलो. संध्याकाळी माग सुरू होते, भिंतीला हात लावला तर कंप तसाच होता. समोरच्या भिंतीवरचा बल्ब मात्र स्थिर जळत होता, आणि त्याच्या मानेवरची तारीख पावसाळ्यातलीच होती.